जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीत दुखतं, वय १९, भरतीची तयारी चालू. पळणं बंद करावं का?

अहमदपूरकर
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. वय १९, लातूरला रूम करून राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. महिनाभरापासून तिचा उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखायलाय. सपाट रस्त्यावर चालताना काही नाही. जिना चढताना दुखतं, उतरताना त्याहून जास्त. रूम तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळं दिवसातून चार वेळा तरी हा कार्यक्रम होतो. परवा एसटीने गावाकडं आली तर दीड-दोन तास पाय दुमडून बसल्यावर उठताना तोंड वाकडं करत होती.

पडली नाही, मार लागला नाही, सूज नाही. लातूरला एका ठिकाणी एक्स-रे काढला, "हाड एकदम चांगलं आहे" म्हणाले. गोळ्या दिल्या आणि दीड महिना पळणं पूर्ण बंद करायला सांगितलं. तिची अकॅडमी म्हणते बंद केलं तर वर्ष गेलं, थोडं दुखणारच. ग्राउंड साधारण अडीच महिन्यांवर आहे. घरी रोज रडारड. कुणाला अनुभव असेल तर सांगा. पळणं बंद करावं का चालू ठेवावं?

वावरातला_वाघ
तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर रूम बदला. निम्मा आजार तिथंच बरा. 😀

सुमनताई_परभणी
भाऊ, माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. जिना म्हटला की डोळ्यांत पाणी. गुडघ्यातलं वंगण संपतं हो. शेवटी दोन्ही गुडघे बदलावे लागले, पण आता मस्त फिरतात. बहिणीला आत्तापासूनच डिंकाचे लाडू चालू करा, रात्री कोमट तिळाच्या तेलाने मालिश करा. आणि पळणं मुलींच्या हाडांना झेपत नाही, हे माझं स्पष्ट मत.

अहमदपूरकर
ताई, ती १९ वर्षांची आहे. सासूबाईंचं वय किती होतं?

सुमनताई_परभणी
६७. पण दुखणं ते दुखणंच की.

निवृत्त_पीएसआय_बीड
मी नोकरीची बरीच वर्षं प्रशिक्षण केंद्रावर काढली. नव्या पोरांचे गुडघे दुखतातच, पहिल्या दोन महिन्यांत अर्धी बॅच लंगडते. पूर्ण बंद केलं की दम उतरतो, पाय जड होतात, आणि परत चालू केलं की पुन्हा तेच दुखणं. त्यामुळं बंद करू नका, हा माझा सल्ला. सकाळी गरम पाण्याने शेकायचं, क्रेप बँडेज बांधायचं आणि मैदानात उतरायचं. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारलं की २० पैकी २०. ग्राउंडचे एकूण ५० गुण, त्यातले २० याच एका राउंडमध्ये आहेत. १०० मीटर आणि गोळा राहिला बाजूला. दुखण्याला घाबरली तर मेरिटमध्ये येणार कशी?

फिजिओ_नांदेड
अहमदपूरकर, उत्तर देण्याआधी थोडं विचारते, कारण याच वयात "गुडघा पुढून दुखतो" या एका वाक्यात चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात.

तिला म्हणावं, कुठं दुखतं ते हाताने दाखव. तळवा वाटीवर गोल फिरवून "इथं सगळीकडं, आतून" म्हणते की एक बोट नेमकं एका ठिकाणी ठेवते? खुर्चीतून उठल्यासारखं अर्धं खाली बसायला सांगा, दुखतं का? गुडघा मधेच अडकतो का, किंवा एकदम लचकून सुटल्यासारखा होतो का? रात्री झोपेतून जाग येईल इतकं दुखतं का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुखायला लागायच्या आधीच्या महिन्यात पळण्यात काय बदललं? ती किती पळत होती आणि किती पळायला लागली, आठवड्याच्या हिशेबाने लिहा.

जिम_अण्णा
गोगाबाबा टेकडीवर रोज सकाळी हेच बघतो. पोरं नुसती पळतात, मांडीला ताकद शून्य. मांडी कमजोर असली की सगळा भार वाटीवर येतो. जिममध्ये जायचं, लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर बसायचं, वजन वाढवत न्यायचं. शिवाय फुल बैठका, एकदम खालपर्यंत. महिन्यात गुडघा लोखंड होतो. मी स्वतः उदाहरण आहे.

वावरातला_वाघ
अण्णा, लोखंडाला गंज चढतो, सांभाळून.

अहमदपूरकर
मॅडम, तिला फोन करून सगळं विचारलं. तळवा फिरवते. एका बोटाने दाखव म्हटलं तर "नेमकं सांगताच येत नाही" म्हणते. अर्धं खाली बसल्यावर दुखतं, तिथंच. अडकत नाही, सुटत नाही. रात्री दुखत नाही, उलट सकाळी उठल्यावर बरं वाटतं.

पळण्याचं असं. दिवाळीपर्यंत गावाकडं होती तेव्हा आठवड्यातून चार दिवस, रोज ३ किलोमीटर, मातीच्या रस्त्याने. मग अकॅडमी लावली. आठवड्यातून सहा दिवस, रोज ५ किलोमीटर, डांबरी रस्त्यावर. संध्याकाळी स्टेडियमच्या पायऱ्या वर-खाली, बदक चाल आणि १०० बैठका. तीन आठवड्यांत दुखणं चालू झालं.

फिजिओ_नांदेड
मग बहुतेक उत्तर तुम्हीच लिहिलंय. १२ किलोमीटरवरून एकदम ३०. अडीच पट. आणि त्यावर पायऱ्या, बदक चाल, बैठका, म्हणजे गुडघा खोल दुमडून भार घेण्याचे सगळे प्रकार एकाच महिन्यात.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून वर-खाली सरकते. पाय सरळ असताना ती जवळजवळ मोकळी असते. गुडघा जितका दुमडाल आणि त्यावर जितका भार घ्याल तितकी ती मागच्या हाडावर दाबली जाते. सपाट चालण्यात हा दाब शरीराच्या वजनापेक्षाही कमी असतो. जिन्यावर तो वजनाच्या साधारण तिप्पट होतो, खोल बैठकीत त्याहून कितीतरी जास्त. म्हणून तिला चालताना काही होत नाही आणि जिन्यावर होतं. उतरताना जास्त का, तर तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अख्खं शरीर धरून ठेवत असतो. एसटीतलं दुखणंही त्याच कारणाने, पाय दुमडलेलाच राहतो.

यात काही तुटलेलं नाही, झिजलेलं नाही, वंगण संपलेलं नाही. वाटीमागचा भाग जेवढ्या भाराला सरावला होता त्याच्या पुढं भार गेला आणि तो चिडला. त्यामुळं एक्स-रे चांगला येणारच. आणि त्यामुळंच दीड महिना नुसतं झोपून राहण्यानेही काम होत नाही. दुखणं शांत होईल, पण सहनशक्ती आणखी कमी होईल, आणि परत अकॅडमीत गेली की पहिल्या आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. पीएसआय काकांचं एवढं बरोबर आहे. पण "दुखलं तरी मैदानात उतर" हे त्यांचं दुसरं वाक्य मला मान्य नाही.

वावरातला_वाघ
म्हंजे नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपल्यासारखं झालं. खोंड चांगलं, नांगर चांगला, जुंपणारा येडा.

निवृत्त_पीएसआय_बीड
मॅडम, आमच्या वेळी असले हिशेब नव्हते. पोरं तयार झालीच की.

फिजिओ_नांदेड
काका, जी तयार झाली ती तुम्हाला दिसली. जी लंगडत घरी गेली ती परत भेटायला आली नाहीत.

देवगिरी_भटक्या
माझं सांगतो. वय २६, ट्रेकिंग करतो. देवगिरी किल्ला चढताना काही नाही, उतरताना दोन्ही वाट्या बोंबलायच्या. अंधारीच्या बाहेर आलो की पुढच्या पायऱ्या आडवं होऊन उतरायचो. एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये "कॉन्ड्रोमॅलेशिया ग्रेड १" आलं आणि मी इंटरनेटवर वाचून वाचून दोन रात्री झोपलो नाही. एकाने इंजेक्शन सांगितलं, एकाने दुर्बिणीतून साफसफाई. काहीच केलं नाही. एका फिजिओने वाटीवर टेप लावून दिला, जिना उतरताना लगेच फरक. पण टेप काढला की पुन्हा तेच. आता वर्षभर निम्मंच दुखतं. बहिणीचा एमआरआय काढून घ्या, निदान कळेल तरी.

डॉ_अंबाजोगाई
मी हाडांच्या विभागात आहे. भटक्या, तुमच्याच अनुभवावरून सांगतो की अहमदपूरकरांनी आत्ता एमआरआय काढू नये. ग्रेड १ म्हणजे वाटीमागच्या कूर्चेत जरासा मऊपणा. असं ज्यांना काही दुखत नाही अशा पुष्कळ लोकांच्या एमआरआयमध्येही सापडतं. त्यावरून उपचार बदलत नाहीत, फक्त माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस पाय वापरणं कमी करतो. या दुखण्याला इंजेक्शन आणि दुर्बीण लागत नाही.

टेपबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्याने काही आठवडे आराम मिळतो, तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा असतो. नुसत्या टेपवर राहिलं की तुमचं झालं तसं होतं.

मात्र फिजिओ मॅडमनी विचारलेल्या प्रश्नांत मी दोन जोडतो. एक, गुडघा हातात धरून दोन्ही बाजूंची तुलना करा, सूज किंवा गरमपणा आहे का? दुसरं जरा नाजूक आहे, भावाऐवजी आईने विचारावं. पाळी नियमित आहे का? जेवण पुरतं का? रूमवर राहून मेसच्या डब्यावर ३० किलोमीटर पळणाऱ्या मुली मी बघतो. खाणं कमी पडून पाळी थांबली असेल तर हाडाला बारीक चीर जाण्याचा धोका वाढतो, आणि ती चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही. ते दुखणं वेगळं असतं. हाडावर एका जागी दाबलं की दुखतं आणि पळताना वाढतच जातं. तसं असेल तर पळणं खरंच थांबवावं लागतं.

अहमदपूरकर
आईने विचारलं. पाळी नियमित आहे. सूज नाही. जेवणाचं मात्र खरं आहे, सकाळी पळून आल्यावर चहा-बिस्कीट आणि मग थेट दुपारचा डबा. आईने तिथल्या तिथं फोनवर झापलं.

सुमनताई_परभणी
बघा! लाडवाचं मी आधीच सांगितलं होतं.

डॉ_अंबाजोगाई
ताई, लाडू जरूर द्या. गुडघ्यासाठी म्हणून नको, भुकेसाठी म्हणून द्या.

क्रीडाशिक्षक_हिंगोली
धागा वाचून माझंही विचारतो. शाळेतला एक मुलगा, १३ वर्षांचा, खो-खो आणि पळण्यात चांगला. त्यालाही पायऱ्यांवर पुढून दुखतं. पण तो एक बोट ठेवतो, वाटीच्या चार बोटं खाली नडगीच्या हाडावर. तिथं गाठीसारखं वर आलंय. त्यालाही हेच समजायचं का?

डॉ_अंबाजोगाई
सर, नाही, हे वेगळं आहे. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू नडगीच्या ज्या टोकाला ओढतो तिथलं हाड अजून कोवळं असतं, तिथं हे होतं. उंची भराभर वाढत असते तेव्हा येतं आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. गाठ मात्र पुष्कळदा तशीच राहते. उड्या आणि गुडघ्यावर बसणं काही दिवस कमी करा, खेळ पूर्ण बंद करायची गरज नसते. पण एक लक्षात ठेवा: या वयात मुलगा लंगडत असेल आणि गुडघा तपासल्यावर काहीच सापडत नसेल, तर खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं या वयात गुडघ्यात जाणवतं आणि तिथं उशीर परवडत नाही. आणि कुठल्याही पोराला रात्री जाग आणणारं दुखणं, वाढती सूज असेल तर थांबू नका, सरळ दाखवा.

क्रीडाशिक्षक_हिंगोली
धन्यवाद डॉक्टर. लंगडत नाही. खो-खोच्या संघातून दोन आठवडे बाजूला ठेवतो, बाजूला राहिला तर.

फिजिओ_नांदेड
अहमदपूरकर, आता बहिणीचं. मी तिला पाहिलेलं नाही, त्यामुळं लातूरला एखाद्या फिजिओकडं एकदा प्रत्यक्ष जायला सांगा. तोवर एवढं करता येईल.

आधी भार कमी करायचा, पण तिला हवा तो भाग ठेवून. म्हणजे पळणं ठेवायचं. स्टेडियमच्या पायऱ्या, बदक चाल आणि पूर्ण बैठका सध्या बंद. अभ्यासाला मांडी घालून तासन् तास बसते का? बसत असेल तर खुर्ची घ्यावी आणि अर्ध्या तासाने पाय सरळ करावा. जिन्याचा हिशेब करा. मजल्याला २० पायऱ्या धरल्या तर तिसऱ्या मजल्यापर्यंत ६०. चार फेऱ्यांना २४० चढून, २४० उतरून. डबा आणि पाणी एकाच फेरीत आणलं तर दोन फेऱ्या कमी होतात, म्हणजे पळण्यासाठी तेवढी जागा शिल्लक राहते.

पळणं एक दिवसाआड. ३ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, असं सहा वेळा, सपाट मातीवर. आणि दुखण्याला ० ते १० गुण द्यायला शिकवा. पळताना ३ पर्यंत गेलं तर चालेल. त्याच्या वर गेलं तर त्या दिवसापुरतं चालत परत यायचं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, रूमचा जिना उतरताना. कालच्या सकाळइतकंच दुखत असेल तर कालचं पळणं मानवलं. जास्त असेल तर पुढच्या वेळी एक-दोन फेऱ्या कमी. दोन आठवडे सकाळ शांत गेली की मगच एक गोष्ट वाढवायची. आधी अंतर, मग वेग, आणि पायऱ्या सगळ्यात शेवटी. पळायच्या आधी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, नाहीतर हे गुण खोटे पडतात.

जिम_अण्णा
आणि ताकद? का नुसतंच मोजत बसायचं?

फिजिओ_नांदेड
अण्णा, ताकदीचं तुमचं म्हणणं निम्मं नाही, बरंच बरोबर आहे. लष्करात नव्याने दाखल झालेल्यांवर अभ्यास झालेत, त्यात ज्यांची मांडी सुरुवातीला कमजोर होती त्यांना हे दुखणं जास्त झालं. फक्त तुमचा रस्ता या गुडघ्याला आज झेपणारा नाही. दुखऱ्या गुडघ्याने एकदम खालपर्यंत बैठक म्हणजे जिथं दाब सगळ्यात जास्त तिथंच जाणं. मशीन चालेल, पण गुडघा काटकोनापासून अर्ध्यापर्यंतच सरळ करायचा. तिथून पुढं पूर्ण सरळ करताना मशीनवर दाब वाढतो.

रूमवर होण्यासारखं सांगते. एक वीट आडवी ठेवायची, साधारण तीन इंच उंची होते. दुखरा पाय विटेवर, दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवायची, तीन आकडे मोजत, आणि परत वर. १० वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. समोर आरसा असेल तर बघायचं की गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडं कलतो का. दुसरा व्यायाम, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून जरा मागच्या अंगाने उचलणं. पार्श्वभागाच्या कडेला ओढ जाणवली पाहिजे, मांडीच्या पुढं नाही. तिसरा, भिंतीला पाठ टेकून अर्धं खाली सरकून ३० सेकंद थांबणं. दुखणं ३ च्या आत राहील एवढंच खाली. एका विटेवर सहज जमलं की दोन विटा, मग जिन्याची खरी पायरी.

सहा आठवड्यांच्या आत निकाल मागू नका.

अहमदपूरकर
मॅडम, तिने विटेवरचा व्हिडिओ पाठवला. गुडघा चांगलाच आत पडतोय, आणि कंबर दुसऱ्या बाजूला झुकते. म्हणजे हेच कारण झालं ना?

फिजिओ_नांदेड
खुब्याच्या कडेचे स्नायू कमी पडतात, म्हणून व्यायाम लागू आहे. हेच मूळ कारण, असं मी छातीठोक म्हणणार नाही.

डॉ_अंबाजोगाई
इथं मी जरा वेगळा पडतो. गुडघा आत पडणाऱ्या कितीतरी मुली मजेत पळतात. दुखायला लागल्यावर माणूस तो पाय कमी वापरतो आणि मग खुबा कमजोर होतो, असंही असू शकतं. आधी कोंबडी की आधी अंडं, हे अजून मिटलेलं नाही. तिला "तुझा गुडघा वाकडा पडतो" हे सारखं ऐकवू नका.

फिजिओ_नांदेड
ऐकवणार नाही, डॉक्टर. पण व्यायाम दोन्ही, खुब्याचा आणि मांडीचा. नुसत्या मांडीपेक्षा दोन्ही मिळून बरं जमतं, हे तर तुम्हालाही मान्य असेल.

डॉ_अंबाजोगाई
त्यात वाद नाही.

देवगिरी_भटक्या
बुटांचं कुणीच बोललं नाही. महागडे बूट घेतले की फरक पडतो का?

निवृत्त_पीएसआय_बीड
आमची पोरं अनवाणी पळून भरती झाली.

फिजिओ_नांदेड
बूट फाटले असतील तर बदला, बुटात आतून तयार सोल टाकून काहींना पहिले काही आठवडे बरं वाटतं. त्याहून फुकटातली गोष्ट सांगते, ती म्हणजे पावलं मोजणं. पळताना ३० सेकंद फक्त उजवं पाऊल मोजायचं. ४० आलं तर मिनिटाला १६० पावलं. लांब ढांग टाकून पळणाऱ्यांचा पाय शरीराच्या फार पुढं पडतो आणि वाटीवर दाब वाढतो. वेग तोच ठेवून पाऊल थोडं आखूड करायचं, म्हणजे ३० सेकंदांत ४० ऐवजी ४२ ते ४४. त्याहून जास्त बदलायला गेली तर दम लागेल आणि पोटरी धरेल. मोबाइलवर ठोके वाजवणारं ॲप मिळतं, सुरुवातीला ते लावून पळावं.

निवृत्त_पीएसआय_बीड
सरावाला हे ठीक आहे. पण ८०० मीटरला शेवटच्या २०० मध्ये पोरीला ढांग टाकावीच लागते. तिथं पावलं मोजत बसली तर २.५० येणार नाही.

फिजिओ_नांदेड
काका, तिथं मोजायला मीही सांगत नाही. आठवड्यातल्या बाकीच्या मंद किलोमीटरना हे लावायचं, हजारो पावलं तिथंच पडतात.

वावरातला_वाघ
शेवटच्या २०० मध्ये मागं कुत्रं सोडा. ढांग आपोआप पडती.

अहमदपूरकर
मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतोय. सात आठवडे झाले. लातूरच्या एका फिजिओ मॅडमकडं नेलं, त्यांनीही वाटीचंच निदान केलं आणि साधारण इथं सांगितलं तेच व्यायाम दिले.

पहिले दोन आठवडे ठीक गेले. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटायला लागलं म्हणून अकॅडमीतल्या सरांनी पुन्हा पायऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर दुखणं ६ वर. चार दिवस मागं जाऊन परत ३ मिनिटं-१ मिनिटवर आली, मग ओसरलं. आता आठवड्याला चार दिवस मिळून १८ किलोमीटर होतात. दोन विटांवरून उतरते. जिना चढताना शून्य, उतरताना १, कधी २. सरांशी मी स्वतः बोललो, पायऱ्या आणि बदक चाल ग्राउंडपर्यंत माफ झाली.

काल ८०० मीटर वेळ लावून मारलं. ३ मिनिटं ४ सेकंद. दुखण्याच्या आधी २.५८ यायचं. पळताना दुखलं नाही, आज सकाळी उतरताना २. ग्राउंडला तीन आठवडे राहिलेत. आता वेगाचा सराव किती वाढवावा?

निवृत्त_पीएसआय_बीड
पोरीने चांगलं केलं. आता एक दिवसाआड ४००-४०० मारू द्या. १४ सेकंद काढायचेत, हात आखडता घेऊन निघणार नाहीत.

फिजिओ_नांदेड
एक दिवसाआड नको. आठवड्यातून दोनदा, पहिल्या आठवड्यात २०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, मधे पूर्ण दम खाऊन. सकाळचा जिना २ च्या आत राहिला तर पुढच्या आठवड्यात ४०० वर जा. वेगाच्या दिवशी बाकीचं अंतर कमी. शेवटच्या आठवड्यात सगळंच निम्मं. २.५० येईल का, हे मी सांगू शकत नाही. ३ च्या आत यायला हरकत नाही. आणि ग्राउंड झालं की विटा फेकून देऊ नका. हे दुखणं पुष्कळ जणांचं वर्षानुवर्षं मधूनमधून डोकं वर काढतं, आणि भटक्यासारखं जितकं अंगावर काढाल तितकं बरं व्हायला जड जातं.

देवगिरी_भटक्या
घेतली मॅडम, वीट घेतली. 🙏

अहमदपूरकर
ग्राउंडच्या दिवशी वाटीला टेप लावून पळू देतात का? काका, तुम्हाला माहीत असेल.

निवृत्त_पीएसआय_बीड
आमच्या वेळी क्रेप बँडेजला कुणी हरकत घेत नव्हतं. आताचं त्या-त्या ठिकाणच्या साहेबांवर. आदल्या दिवशी विचारून घ्या, ऐन वेळी सोडायला लावला तर पोरगी बिथरेल.

फिजिओ_नांदेड
म्हणून सरावात निम्मे दिवस टेपशिवाय पळवा.

वावरातला_वाघ
मॅडम, एवढं ज्ञान चाललंय तर माझंही बघा. डावा गुडघा, ट्रॅक्टरचा क्लच दिवसभर दाबल्यावर संध्याकाळी दुखतो. वय ४१. पळायचा काही संबंध नाही, आमच्याकडं पळतात ती फक्त जनावरं.

फिजिओ_नांदेड
वेगळा धागा काढा. आणि त्यात लिहा, एका बोटाने दाखवता की तळव्याने.